दोन वर्षांचा भाचा आणि राहून गेलेले सहा सेंटीमीटर

गेल्या महिन्यात ताईने भाच्याचे वाढीचे कार्ड माझ्यापुढे ठेवले. "तू भौतिकशास्त्रातला डॉक्टर, पण आकडे तर तुला कळतात ना? मागचं भरून निघालंय, असं सगळे म्हणतात."

कार्डावर दोनच नोंदी कामाच्या होत्या. दुसऱ्या वाढदिवशी ८१ सेंटीमीटर, पाचव्या वाढदिवशी १०३. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांनुसार (त्यांसाठी मोजलेल्या मुलांत दिल्लीचीही होती) या वयांच्या मुलग्यांची मध्यक उंची अनुक्रमे ८७.१ आणि ११० सेंटीमीटर. दोन वर्षांच्या वयात एक प्रमाण विचलन सुमारे ३ सेंटीमीटरचे असते, पाचव्या वर्षी सुमारे ४.६ चे. म्हणजे भाचा मध्यकाच्या दोन विचलने खाली होता, तो दीडवर आला. खुंटलेपणाची सीमारेषा उणे दोन असल्याने तो तिच्यापासून दूर गेला. ताईचा आनंद खोटा नव्हता.

पण सेंटीमीटर मोजा. तूट आधी ६.१ होती, आता ७ आहे. तीन वर्षांत मध्यक मुलगा २२.९ सेंटीमीटर वाढला, आमचा २२. अंतर वाढले. मोजपट्टीचा एककच वयाबरोबर मोठा होत गेला, म्हणून भागाकार सुधारला. प्रयोगशाळेत ही चूक आम्ही विद्यार्थ्यांना पहिल्याच सत्रात दाखवतो.

खरा प्रश्न वेगाचा आहे. गर्भाची लांबी पाचव्या महिन्याच्या सुमारास आठवड्याला अडीच सेंटीमीटरपर्यंत वाढते. जन्मानंतर पहिल्या वर्षी सुमारे २५, दुसऱ्या वर्षी १२, पुढे वर्षाला सहा-सात. वेग जिथे सर्वाधिक, तिथला अडथळा सर्वांत महाग. शिवाय या काळात हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेची वाढ प्रामुख्याने पोषणावर चालते. वृद्धिसंप्रेरकाचा ताबा नंतर येतो. अन्न कमी पडले वा जुलाब लागले की शरीर आधी वाढ थांबवते.

ताईला पाचव्या महिन्यापर्यंत अन्न ठरत नव्हते. सहा महिन्यांनंतर बाळाला पातळ पेज मिळाली, डाळ-तूप-अंडे फार उशिरा, आणि त्यातच जुलाबाचे तीन झटके. यांतल्या कशाचा वाटा किती, हे एका मुलावरून सांगता येत नाही. शिवाय आमच्या घरात कोणीच उंच नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातली पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुले खुंटलेली आढळली. त्यांतले एखादे उद्या उणे दीडवर आले, तर त्याच्या कार्डावर सुधारणाच दिसेल.

ताईला मी सर्व सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे माझं चुकलं?"

"नाही गं. त्या दिवसांत तुला कोणी काही सांगितलंच नव्हतं."

तारुण्य उशिरा आले तर वाढीची वर्षे लांबून थोडी तूट भरू शकते, हेही मी सांगितले. तिला दुसऱ्या खेपेचा तिसरा महिना लागला आहे. कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिने विचारले, "लोहाच्या गोळ्या कधीपासून?" आणि आम्ही दिवस मोजायला बसलो.