पहिली गाडी

परवा आमच्या नागरी निवाऱ्याच्या आवारात एक मुलगा नवी मोटरसायकल घेऊन आला. हार घातलेला, चाकांखाली लिंबं, पेढ्यांचा पुडा. सगळे जमले, मीही खाली उतरले. पेढा तोंडात टाकला आणि एकदम मिस्त्रींची आठवण झाली. मिस्त्री म्हणजे माझ्या माहेरच्या गावचे मेकॅनिक. त्यांच्यावर लिहायचं कधीपासून मनात होतं, आज लिहूनच टाकते.

माझं माहेर जुन्नर तालुक्यात, ओतूरच्या पुढे आत. कल्याणहून एसटीने माळशेज चढून गेलं की आमचा मुलूख लागतो. २०२५ची दिवाळी झाल्यावर मी पंधरा दिवस तिकडे होते. माझ्या भाच्याचा मुलगा, वय वर्षं एकोणीस, तेव्हा गाडी घ्यायच्या नादात होता. भाच्याने टोमॅटो नारायणगावच्या बाजारात घातला होता, त्यातले पंचावन्न हजार बाजूला काढलेले. ह्याच पैशांतून धाकट्या मुलीची नर्सिंगची फी भरायची की मुलाला गाडी घ्यायची, यावर घरात दोन दिवस अबोला होता. शेवटी फी आजोबांनी भरायची ठरली. (आजोबा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याने ते पैसे कुठून आणले ते मला ठाऊक आहे, पण इथे लिहीत नाही.)

गाडीही ठरलेली होती. शेजारच्या गावातल्या एकाची, दीडशे सीसीची, लालभडक, २०१८ सालची. बावन्न हजार. मुलाच्या मोबाइलवर तिचे फोटो मी इतक्या वेळा पाहिले की नंबर पाठ झाला. भाचा म्हणाला, "आत्या, तू पण चल सकाळी. मिस्त्रींना घेऊन जाऊ." मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही, तरी गेले. त्याला एक कारण होतं. १९८६ साली आमच्या ह्यांनी एक जुनी स्कूटर घेतली होती. ओळखीच्या मेकॅनिकने "डोळे झाकून घ्या" म्हणून सांगितलं. पुढे कळलं की विकणाऱ्याकडून त्याने कमिशन घेतलं होतं. दोन वर्षं आमच्या पगारातला वाटा त्या स्कूटरने खाल्ला. तेव्हापासून "डोळे झाकून" हे शब्द ऐकले की मी डोळे मोठे करते.

सकाळी सात वाजता पोचलो. चांगली थंडी होती. गाडी अंगणात पुसून उभी. मुलगा धावत जाऊन तिच्यावर बसणार, तेवढ्यात मिस्त्रींनी हात आडवा केला. ते खाली बसले आणि इंजिनच्या पंख्यांना पालथा हात लावला.

"गरम हाय," ते म्हणाले.

गाडीवाला म्हणाला, "पहाटे डेअरीला जाऊन आलो ना."

"हरकत नाय. मग च्या घेऊ आपण. थंड होऊ द्या."

आम्ही दीड तास बसलो. चहा झाला, पाऊसपाणी झालं. मुलगा चुळबुळत होता. मला वाटलं मिस्त्री उगाच ताणतायत. पण त्यांनी नंतर समजावलं ते असं. गरम इंजिन लगेच सुरू होतं आणि आपली दुखणी लपवतं. रात्रभर थंड पडलेलं इंजिन पहिल्यांदा सुरू होताना मागे जो धूर येतो, तो पाहायचा. म्हणून गाडी बघायला जायचं ते सकाळी, आणि आधीच सांगून ठेवायचं की कोणी सुरू करू नका. दीड तास म्हणजे काही रात्र नव्हे, पण काहीच नसण्यापेक्षा बरं.

मग बटण दाबलं. गाडी सुरू झाली आणि सायलेन्सरमधून निळसर धूर आला. मला तो पांढराच वाटला. मिस्त्रींनी मला भिंतीच्या सावलीच्या बाजूने उभं केलं, तेव्हा निळी झाक दिसली. थंडीत पांढरी वाफ येते, ती दोन मिनिटांत जाते, तिला भ्यायचं नाही. काळा धूर आला तर पेट्रोल जास्त जळतंय, ते बहुतेक वेळा थोडक्यात दुरुस्त होतं. निळा म्हणजे इंजिनचं ऑइल जळतंय. त्यातही, सुरू करताना एकदाच भपकन निळा आला आणि थांबला तर व्हॉल्वचे सील गेलेले असू शकतात, ते काम लहान. इथे मिस्त्रींनी एक्सलेटर ताणून धरला तरी निळा येतच राहिला. "रिंगा झिजल्यात," ते म्हणाले. "बोअर-पिस्टन करावा लागंल. माझ्या मजुरीसकट सात हजाराच्या आत नाय."

गाडीवाला म्हणाला, "अहो, एकवीस हजारच तर पळालीय. मीटर बघा."

मीटरवर खरोखरच एकवीस हजार होते. मिस्त्री मीटरकडे न बघता पायाकडे बघत होते. पाय ठेवायच्या रबरांवरच्या रेघा साफ गेलेल्या. ब्रेकच्या पट्टीवर पाय घासून घासून लोखंड चकचकीत झालेलं. मग त्यांनी मागच्या चाकाजवळ चेन दोन बोटांत धरून मागे ओढली. चेन चांगली असली तर चक्राला चिकटून राहते. ही इतकी सुटली की खाली अर्धा दात दिसला. आणि दात एका बाजूला कललेले, विळ्यासारखे. "चेन-स्पॉकेट बदललेलं असंल तर नवं दिसंल," ते म्हणाले, "पण नवं रबर लावायचं कुणाच्या ध्यानात येत नाय."

इथे माझी मास्तरकी जागी झाली. चहा पिताना गाडीवाला सहज बोलून गेला होता की तो आळेफाट्याला कामाला जातो, जाऊन-येऊन तीस किलोमीटर, आणि गाडी पहिल्या दिवसापासून त्याच्याकडेच आहे. मी मनात गणित मांडलं. वर्षातले तीनशे दिवस धरले तर नऊ हजार किलोमीटर. सात वर्षांत त्रेसष्ट हजार. मी ते मोठ्याने म्हटलं. अंगणात कोणी बोलेना. चौथीच्या वर्गात असा शांतपणा मिळाला असता तर काय हवं होतं!

गाडीवाला उसळला. "मिस्त्री, तुमच्याकडं मी किती गाडया पाठवल्या!"

ते खरं होतं. हा माणूस जुन्या गाड्यांचा व्यवहारही करायचा आणि दुरुस्तीला मिस्त्रींकडेच पाठवायचा. मिस्त्री कपड्याने हात पुसत म्हणाले, "पाठवल्या. त्या दुरुस्त करून दिल्या की. हे पोरगं इचारतंय म्हणून सांगतोय."

कागदांकडे मात्र आमच्यातलं कोणी वळलं नव्हतं. मिस्त्रींनीच आरसी मागितली. तिच्यावर कर्जाची नोंद तशीच होती. "कर्ज फिटलंय," गाडीवाला म्हणाला. फिटलं असेलही. पण ती नोंद आरटीओत काढायला फायनान्सवाल्यांचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागतो, आणि तो होईपर्यंत २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरूनही गाडी सहजी नावावर होत नाही. मग लोक नुसत्या सह्या घेऊन वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या नावाची गाडी चालवतात. अपघात झाला की विकणाराही अडकतो, कारण कागदावर मालक तोच. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने नुकसानभरपाईच्या एका प्रकरणात तसंच ठरवलं. हे मी नंतर वाचलं. मिस्त्रींनी तिथे एवढंच म्हटलं, "पैसे आधी नाय. नोंद आधी."

परत येताना मुलगा एक शब्द बोलला नाही. गॅरेजपाशी आल्यावर फुटला. "तुम्हाला गाडी घेऊच द्यायची नव्हती!" डोळ्यांत पाणी. त्याच्या दोन मित्रांकडे तसल्याच गाड्या होत्या, हे मला तेव्हा कळलं.

मिस्त्री रागावले नाहीत. टायरवर बसले आणि विचारलं, "गाडीवर काय न्यायचं?"

"दुधाची किटली."

"किती लिटरची?"

"वीस. दोन बाजूंना दोन."

"म्हंजे चाळीस लिटर दूध आन् किटल्यांचं वजन. त्या लाल गाडीला क्यारेज कुठं लावशील? शीट मागं उचललेली, एकच शॉकअप मधी. दोन महिन्यांत वाकवशील. मागचा टायर रुंद, तो शंभर सीसीच्या टायरपेक्षा म्हाग. ते सगळं मग माझ्याकडं येणार. माझं काय, मला धंदाच हाय."

मग त्यांनी शंभर सीसीची जुनी घ्यायला सांगितलं, आणि वर्षही सांगितलं. १ एप्रिल २०२०च्या आधीची. त्या तारखेपासून बीएस-६ आलं आणि शंभर सीसीच्या गाड्यांतूनही कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. मी विचारलं, "नवीन वाईट का?" म्हणाले, "वाईट नाय बाई. थंडीत लगेच सुरू व्हती. पण बिघडली तर तिला कॉम्प्युटर लावावा लागतो आन् तो माझ्याकडं नाय. नारायणगावला न्यावी लागंल. कार्बोरेटर मी रानातसुद्धा खोलून देतो."

आपल्याला काय येत नाही ते गिऱ्हाइकासमोर सांगणारा कारागीर मी फार पाहिलेला नाही. वर्गात "मला हे येत नाही, उद्या बघून सांगते" म्हणायला मला पंधरा वर्षं लागली होती.

भाच्याने कोऱ्या गाडीचंही विचारलं. २०२५च्या सप्टेंबरात छोट्या मोटरसायकलींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला होता, त्यामुळे शोरूममधले जाहिरात करत होते. मिस्त्री म्हणाले, हप्ता झेपत असेल तर कोरीच चांगली, पण हप्ता महिन्याला येतो आणि टोमॅटोचा पैसा महिन्याला येत नाही. तिथे तो विषय संपला.

मी त्यांना शंभर रुपये देऊ लागले. त्यांनी घेतले नाहीत. म्हणाले, "गाडी घेतली की ऑइल बदलायला या, तवा द्या."

त्या लाल गाडीवाल्याने पुढे एकही गाडी त्यांच्याकडे पाठवली नाही. भाच्याने फोनवर सांगितलं. मिस्त्रींना त्याचा किती फटका बसला ते विचारायचं मला सुचलं नाही.

तीन आठवड्यांनी गाडी मिळाली. काळी स्प्लेंडर, २०१९ची, एका ग्रामसेवकाची, सत्तेचाळीस हजार. मीटरवर बेचाळीस हजार आणि पायाची रबरंही तेवढीच झिजलेली, म्हणून मिस्त्रींना ती आवडली. चेन-स्पॉकेट, मागचा टायर आणि ऑइल मिळून साडेचार हजार खर्च आला. गाडी आधी नावावर झाली, मग उरलेले पैसे दिले.

संक्रांतीला मी पुन्हा गेले तेव्हा मुलगा एसटी स्टँडवर न्यायला आला होता. मागच्या चाकाला साडीगार्ड तसाच होता. त्याला तो काढून टाकायचा होता, बुलेटवाले हसतात म्हणे. मिस्त्रींनी सांगितलं होतं, आजी येऊन जाऊ दे, मग बघू. मी पदर खोचला आणि दोन किटल्यांच्या क्यारेजमध्ये कसेबसे पाय सावरून बसले. आधी एक किटली काढावी लागली. ती मांडीवर धरली.