चौथ्या पत्रातली चूक

सीए झाल्यावर वर्षभर माझ्याकडे आले ते फक्त नातेवाईक, तेही फुकटात. जाहिरात देऊन काम मागणं आमच्या आचारसंहितेत बसत नव्हतं. म्हणून ठरवलं, दर रविवारी ईमेलने एक पत्र लिहायचं. एकूण आठ पत्रं, एका पत्रात एकच प्रश्न.

पहिल्या पत्राचा विषय होता 'करनियोजन'. कुणीच उत्तर दिलं नाही. मग विषय आवळला: घरून स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांचा आयकर. आता लोक उलट प्रश्न विचारू लागले आणि पुढच्या पत्राचा विषय त्यांच्याच प्रश्नांतून मिळू लागला.

चौथं पत्र कलम ४४एडीएवर होतं. या कलमाखाली एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येत होती, खर्चाचा हिशेब ठेवावा लागत नव्हता. मी बिनधास्त लिहिलं, "फ्रीलान्सर असाल तर हे तुमच्यासाठीच."

दोन दिवसांनी एका अनुवादक ताईंचा मेल आला: "यादीत अनुवाद कुठे आहे?"

मी यादी पुन्हा वाचली. वकिली, वैद्यकी, अभियांत्रिकी, वास्तुरचना, लेखापालन, तांत्रिक सल्ला, अंतर्गत सजावट आणि सरकारने अधिसूचित केलेले आणखी काही व्यवसाय. अनुवाद कुठेच नव्हता. पोटात गोळा आला.

ताईंची वर्षाची जमा १८ लाख होती आणि खरा खर्च ३ लाख. माझ्या पत्राप्रमाणे उत्पन्न ९ लाख, म्हणजे २०२५-२६ च्या नव्या करपद्धतीत कर शून्य. प्रत्यक्षात उत्पन्न १५ लाख आणि कर, उपकरासह, १,०९,२०० रुपये. ग्राहक परदेशी असल्याने टीडीएसही कापला जात नव्हता. शिवाय ४४एडीएवाल्यांना सगळा आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकदम भरता येत होता. ताईंना तो चार हप्त्यांत भरायचा होता आणि तीन हप्ते उलटून गेले होते. त्यांनी उरलेला कर मार्चआधी भरला, थोडं व्याजही गेलं.

जुनं पत्र गुपचूप दुरुस्त करता आलं असतं. पण ज्यांनी ते आधीच वाचलं होतं, त्यांचं काय? पाचव्या पत्राचं शीर्षक दिलं 'मागच्या पत्रात मी चुकले'. त्यात चुकीचं वाक्य, बरोबर वाक्य आणि वरचा हिशेब आकड्यांसकट छापला. त्या पत्राला सगळ्यात जास्त उत्तरं आली. बहुतेकांनी आपला व्यवसाय सांगून विचारलं होतं, "मी यादीत आहे का?" माझे पहिले पैसे देणारे अशील त्यांतलेच.

तेव्हापासून प्रत्येक पत्राखाली दोन ओळी असतात: हे कुणाला लागू नाही आणि कोणत्या तारखेपर्यंतचा कायदा पाहून लिहिलंय. एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला, कलमांचे क्रमांक बदलले. जुन्या पत्रांवर तारीख होती, म्हणून वाचकांना ती कुठवर चालतील ते कळलं.

त्या ताई अजून प्रत्येक पत्र वाचतात. पाठवण्याआधी, माझ्या विनंतीवरून.