ब्रिटनचं वीजबिल: आधी ‘ई’ शोधा

भाची लीड्सला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. “मामा, वीस दिवस घर बंद होतं, तरी ६१.५० पाउंड बिल!” असा फोन आला. बिलाचा फोटो मागवला.

स्टँडिंग चार्ज म्हणजे आपल्या बिलातला स्थिर आकार. दिवा लावा न लावा, रोज लागतो. तिचा दर दिवसाला ५५ पेन्स, म्हणजे ३० दिवसांचे १६.५० पाउंड. हे टळत नाहीत.

किलोवॉट-अवर म्हणजे आपलं युनिट. हजार वॉटचा हीटर तासभर चालला की एक. बिलात १८० युनिट, २५ पेन्सने ४५ पाउंड. पण रीडिंगपुढे ‘ई’ अक्षर होतं. ई म्हणजे एस्टिमेटेड, अंदाजे! मीटर कुणी पाहिलाच नव्हता.

तिने स्वतः पाहिला: मागच्या रीडिंगपेक्षा ६०च जास्त. म्हणजे १५ पाउंड. फोटोसह रीडिंग कळवल्यावर सुधारित बिल आलं, ३१.५०.

तिकडे जाणाऱ्या पोरांनो, चावी हातात पडेल त्याच दिवशी मीटरचा फोटो काढा आणि कंपनीला रीडिंग कळवा. नाहीतर आधीच्या भाडेकरूची युनिटंही तुमच्याच बिलात येऊ शकतात.