सगळं छान चाललेलं असताना

ठरलेलं लग्न मोडायचं तर आधी काहीतरी बिनसावं लागतं, असं सगळे धरून चालतात. मानपानावरून वाजावं, सासूबाईंनी टोमणा मारावा, जुन्या मित्राचा फोन यावा, काही ना काही निमित्त हवंच. पण काही माणसं भांडणाला घाबरत नाहीत. भांडण झालं तर उलट निवांत असतात. ती बिथरतात सगळं छान चाललेलं असताना.

पुण्यातल्या एका जोडीचं उदाहरण घेऊ. एकाच घरातलं नव्हे, अनेक घरांतल्या गोष्टी एकत्र करून उभं केलेलं. पण वाचणाऱ्याला कुणीतरी ओळखीचं आठवेल असं. ती आर्किटेक्ट, एकोणतीस वर्षांची, कोथरूडला आईबरोबर राहणारी. तो सांगलीचा, बँकेत नोकरीला. दोन वर्षांची ओळख, घरच्यांची संमती, पत्रिका कुणी पाहिलीसुद्धा नाही. एका रविवारी दोघं म्हात्रे पुलाजवळचं एक कार्यालय बघून आली. तिनंच हौसेनं स्टेज कुठे, पंगत कुठे हे मोजून घेतलं, मॅनेजरशी घासाघीस करून भाडं कमी करून घेतलं. परत येताना दोघांनी मस्तानी प्यायली. त्या रात्री झोपण्यापूर्वी तिनं त्याला लिहिलं, ‘आजचा दिवस फार मस्त होता.’

दुसऱ्या दिवसापासून ती गप्प झाली.

फोन उचलेना. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा दिसायच्या, उत्तर नाही. आलंच तर ‘कामात आहे’ एवढंच. मग आठवड्याभरानं भेट झाली तेव्हा तिला त्याच्यात भलतीच वैगुण्यं दिसायला लागली होती. तो फोनवर फार मोठ्यानं बोलतो. जेवताना आवाज करतो. घरी रोज दोनदा फोन करतो, म्हणजे पुढे आईच्याच मुठीत राहणार. दोन वर्षं हे सगळं असंच होतं आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. शेवटी म्हणाली, ‘आपण घाई तर करत नाही ना? मला थोडा वेळ हवाय.’ किती वेळ, कशासाठी, हे तिलाही सांगता येईना.

त्याच्या मित्रांचा निकाल झटपट लागला: दुसरा कुणीतरी असणार. त्याच्या मावशीचं मत पडलं की मुलगी आगाऊ आहे. तिच्या लहानपणाबद्दल मात्र कुणी विचारलं नाही. आईवडील वेगळे झालेत हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण ‘ते जुनं झालं’ म्हणून विषय मिटला होता.

ती अकरा वर्षांची असताना मे महिन्यात तिघं महाबळेश्वरला गेली होती. वेण्णा तलावात होडी, स्ट्रॉबेरी क्रीम, वडिलांच्या खांद्यावर बसून काढलेला फोटो. परत आल्यावर चारच दिवसांनी वडील बॅग घेऊन घराबाहेर पडले ते कायमचे. मोठ्यांच्या हिशेबात तो संसार तीन-चार वर्षांपासून मोडत आला होता आणि ती सहल म्हणजे शेवटचा प्रयत्न होता. मुलीच्या हिशेबात तसं नव्हतं. तिनं पाहिलं ते एवढंच की घर सगळ्यात आनंदात असताना कोसळलं.

अमेरिकेतल्या ज्युडिथ वॉलरस्टाइन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी नेमकी ही गाठ उकलली. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटी आहे. तिथल्या घटस्फोट घेणाऱ्या 60 कुटुंबांतल्या 131 मुलांना त्या 1971 पासून भेटू लागल्या. मुलं वर्षा-दोन वर्षांत सावरतील असा तेव्हाचा समज होता. वॉलरस्टाइन मात्र त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना 25 वर्षं अधूनमधून भेटत राहिल्या आणि त्यांना वेगळंच दिसलं. घटस्फोटाचा मोठा धक्का अनेकांना लहानपणी नव्हे, विशी-तिशीत बसत होता, स्वतःचा जोडीदार निवडायची वेळ आली तेव्हा. शाळेत हुशार, घरात शहाणी, आईला आधार देणारी मुलगी प्रेमात पडली की एकाएकी डळमळायची. आणि दिवस चांगले चाललेले असले की आता काहीतरी अभद्र घडणार, ही धास्ती या मंडळींच्या बोलण्यात पुन्हापुन्हा यायची.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे खरंच. पण ज्याचा स्वतःचा प्रेमभंग झालेला असतो त्याला निदान दूध कुठलं होतं ते माहीत असतं. फसवणारा माणूस कसा बोलायचा, कुठे संशय यायला हवा होता, हे तो मनात शंभरदा घोळवतो आणि नव्या माणसात तेवढ्याच खुणा शोधतो. आईवडिलांचा संसार मोडताना पाहिलेल्या मुलाकडे अशा खुणा नसतात. पोळलं दुसऱ्यांचं तोंड, तेही बंद दाराआड. त्यामुळे त्याला सगळंच फुंकावं लागतं, आणि सर्वांत जास्त सुखाचा घोट.

असं माणूस दूर होतं तेव्हा बाहेरून फार थंड दिसतं. समोरच्याला सर्वांत जास्त लागतं ते हेच. ‘हिला काही वाटतच नाही,’ असं तोही म्हणाला. इथे एक जुना प्रयोग आठवावा असा आहे. मेरी एन्सवर्थ यांनी बाल्टिमोरमध्ये वर्षभराच्या बाळांसाठी वीसेक मिनिटांची एक चाचणी बसवली होती. अनोळखी खोली, खेळणी, आई काही क्षण बाहेर जाते आणि परत येते. बहुतेक बाळं आई परतली की तिच्याकडे झेपावतात. काही मात्र तिच्याकडे बघतही नाहीत, खेळण्यात गुंग असल्यासारखी राहतात. पुढे 1977 मध्ये ॲलन स्राउफ आणि एव्हरेट वॉटर्स यांनी अशा बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले. नजर खेळण्यावर, चेहरा कोरा, आणि ठोके मात्र वाढलेले. बाळाला वाटत होतं, पण वाटतंय हे दाखवून उपयोग नाही, हे ते वर्षभरातच शिकलं होतं. मोठ्या माणसाचं ‘कामात आहे’ कित्येकदा त्याच जातीचं असतं. कोथरूडची मुलगी त्या आठवड्यात रोज पहाटे तीनला जागी होत होती आणि त्याचे मेसेज उघडून वाचत होती. हे तिनं त्याला खूप नंतर सांगितलं.

लग्नाला घाबरतो तो पुरुष, असं सिनेमांनी आपल्या डोक्यात भरवलंय. पण अमेरिकेतच 2008 मध्ये लग्न ठरलेल्या 265 जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आईवडिलांचा घटस्फोट झालेल्या मुलींमध्ये लग्नाची बांधिलकी आणि ते टिकेल हा विश्वास, दोन्ही कमी आढळले. मुलांमध्ये तसा फरक दिसला नाही. मराठी घरात तर मुलीला मागे सरायची मुभा आणखीच कमी. ‘वेळ हवाय’ म्हणणारा मुलगा विचारी ठरतो, मुलगी आगाऊ.

याचा अर्थ घटस्फोटितांच्या मुलांशी सोयरीक करताना दहादा विचार करावा, असा कुणी काढू नये. मेव्हिस हेदरिंग्टन यांनी व्हर्जिनियात केलेल्या दीर्घ अभ्यासात अशी बहुसंख्य मुलं पुढे नीट मार्गी लागल्याचं दिसलं. गंभीर अडचणी साधारण चौथ्या हिश्श्यात होत्या, तर न मोडलेल्या घरांत दहातल्या एकात. घटस्फोट झाला एवढ्यावरून काही ठरत नाही. तो कसा झाला आणि त्यानंतर काय चाललं, हे बघावं लागतं.

आपल्याकडे तर ‘त्यानंतर’ फार लांबतं. दोघं राजी असतील तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब खाली अर्ज केल्यावर सहा महिन्यांनी मोकळं होता येतं, आणि हे सहा महिनेही योग्य प्रकरणात माफ करता येतात असं सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये सांगितलं. एक जण अडून बसला तर मात्र तारखा वर्षानुवर्षं पडत राहतात. त्या मुलीच्या घरी सहा वर्षं पडल्या. एक शनिवार सोडून वडील तिला न्यायला यायचे. सोसायटीच्या गेटपाशी उभे राहायचे, आई खाली उतरायची नाही. जिन्यावरून खाली जाताना निरोप असायचा: ‘त्यांना सांग, शाळेची फी राहिलीय.’ वर येताना उत्तर असायचं: ‘तिला म्हणावं, वकिलाशी बोल.’ खाली उतरताना वडिलांना भेटायचा आनंद व्हायचा आणि तो आईला दिसू द्यायचा नसायचा. आनंद झाला की चेहरा मिटून घ्यायचा, ही सवय तिला त्या जिन्यावर लागली.

सांगलीच्या मुलानं आधी केलं ते कुणीही केलं असतं. दिवसाला वीस मेसेज, ऑफिसबाहेर जाऊन उभं राहणं, तिच्या मैत्रिणींना मध्ये घालणं. तो जितका जवळ सरकला तितकी ती मागे गेली, आणि ती मागे गेली म्हणून तो आणखी सरकला. जोडप्यांबरोबर काम करणाऱ्या समुपदेशकांना ही पाठशिवणी रोज दिसते. ती थांबली एका साध्या व्यवस्थेनं. तिनं गप्प व्हायला हरकत नाही, पण परत कधी बोलणार तो वार आणि ती वेळ सांगायची. ‘गुरुवारी रात्री नऊला फोन करते.’ त्यानं गुरुवारपर्यंत एकही मेसेज करायचा नाही. पहिल्या गुरुवारी ती नऊ वाजून चाळीस मिनिटांनी बोलली. पुढच्या वेळी नऊला. कार्यालयाची तारीख त्यांनी सोडली, आगाऊ रक्कम बुडाली आणि समुपदेशन सुरू झालं. तिथे तिसऱ्या की चौथ्या बैठकीत महाबळेश्वर निघालं.

भीती आहे की मनच नाही, हे ओळखायच्या खुणाही या व्यवस्थेतच सापडतात. भ्यायलेलं माणूस बहुधा जवळिकीच्या पाठोपाठ पळतं, दिलेल्या वेळी अडखळत का होईना परततं, आणि आपण का पळालो याचा त्यालाही शोध घ्यावासा वाटतो. ज्याला मनातून नकोच आहे ते वार देत नाही, दिलाच तर पाळत नाही, आणि प्रत्येक वेळी दोष तुमच्यातच काढतं. दुसऱ्या प्रकारात लहानपणाचं कारण खरं असलं तरी थांबत राहणं हा मूर्खपणा आहे. पहिल्या प्रकारातही आपण किती महिने थांबणार, हे मनात न ठेवता सांगून टाकावं. त्यानं दिवाळीपर्यंत असं सांगितलं होतं. त्या दिवाळीत दोघांनी नोंदणी पद्धतीनं लग्नाचा अर्ज भरला. धास्ती गेलेली नाही. एखादा रविवार फार चांगला गेला की ती आजही सोमवारी गप्प असते, फक्त आता तसं सांगून गप्प होते.

वेगळं व्हायला निघालेल्या आईवडिलांना मात्र एक सांगायलाच हवं. वेगळे व्हा, त्यात पाप नाही. पण फीचा, पोटगीचा, वकिलाचा निरोप मुलाच्या तोंडी देऊ नका. फोन तुमच्याकडेही आहे. आणि मूल शनिवारी दुसऱ्याकडून हसत परत आलं, तर त्याला विचारा की मजा आली का, आणि ते सांगेल ते सगळं ऐकून घ्या.