कोरा कागद

धाकट्या बहिणीचा हॉस्टेलवरून फोन आला. नर्सिंगचं पहिलं वर्ष, अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीची पहिली चाचणी, आणि ५० पैकी १७. पास व्हायला २५ हवे होते. "दादा, हृदयाचा धडा मी पाच वेळा वाचला होता रे. मला नाही जमणार हे. बाबांना सांग, मी परत येते."

शनिवारी ती घरी आली. पुस्तकाची पानं हायलायटरने पिवळी-गुलाबी झाली होती. मी पुस्तक मिटलं आणि कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. "रक्त हृदयातून कसं जातं, न बघता काढ."

चार कप्पे काढले. राइट एट्रियम, ट्रायकस्पिड झडप, राइट व्हेंट्रिकल इथपर्यंत बाण नीट गेला. तिथून निघालेली पल्मनरी आर्टरी तिने लाल पेनाने रंगवली आणि थांबली. "आर्टरीत शुद्ध रक्त असतं ना? मग हे फुप्फुसाकडे कशाला जाईल?"

चूक सापडली. शाळेतलं 'धमनीत शुद्ध रक्त' डोक्यात पक्कं बसलं होतं. खरं तर हृदयापासून दूर नेते ती आर्टरी, हृदयाकडे आणते ती व्हेन. म्हणून पल्मनरी आर्टरीत ऑक्सिजन कमी असलेलं रक्त असतं आणि पल्मनरी व्हेनमध्ये भरपूर ऑक्सिजन असलेलं. हे वाक्य तिने पाचही वेळा वाचलं होतं, अधोरेखितही केलं होतं. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटलं की आपल्याला येतं असं वाटतं. परीक्षेत मात्र समोर कोरा कागदच असतो.

२००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी नेमकं हेच तपासलं होतं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर उतारा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली, तर एकदा वाचून मग आठवून लिहिणारे पुढे गेले.

मग आम्ही ठरवलं: धडा एकदा वाचायचा, पुस्तक मिटायचं, आठवेल तेवढं लिहायचं. लगेच पुस्तक उघडून चुका लाल पेनाने दुरुस्त करायच्या, नाहीतर चुकीचंच पाठ होतं. तोच कागद दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि आठवड्याने पुन्हा नव्याने.

पहिले दोन आठवडे ती वैतागली. वाचताना हुशार वाटायचं, आता रोज ढ वाटतं, म्हणाली. शिवाय बीपी मोजणं कागदावर येत नाही, त्यासाठी मैत्रिणीच्या दंडाला कफ बांधूनच सराव करावा लागला.

दुसऱ्या चाचणीत ३१ आले. बाबांना मी त्या फोनबद्दल कधीच सांगितलं नाही. तिने परवा व्हॉट्सअ‍ॅपवर किडनीचा कागद पाठवला, अर्धा लालच होता. खाली लिहिलं होतं, "आज एवढंच चुकलं."