अकरा दिवस

आमच्या मलकापुरात अरबी वाचणारे पुष्कळ आहेत, अरबी कळणारे मोजके. लहानपणी मीही पहिल्यांपैकीच होते. कुराण घडाघडा वाचायचे, अर्थ विचारला की गप्प. पुढे औरंगाबादला अरबीत बी.ए. केलं, तेव्हापासून गल्लीतले अरबी कागद आमच्या घरी येऊ लागले. आखाती देशातले पगाराचे दाखले, लायसन्स, एकदा तर औषधाच्या बाटलीवरचं लेबल. त्यामुळे मागच्या वर्षी समोरच्या वहिनी पिशवी घेऊन आल्या, तेव्हा नवल वाटलं नाही.

पिशवीत दोन गोष्टी होत्या. एक, त्यांच्या मुलाचं दम्मामच्या दवाखान्यातलं लसीकरणाचं पुस्तक, सगळं अरबीत. दुसरी, त्याचं इंग्रजी भाषांतर, मोठ्या शहरातल्या एका दुकानातून करून आणलेलं, निळ्या शिक्क्यासह. मुलगा दम्मामला जन्मला, २०२० मध्ये घरचे सगळे परत आले, आणि आता वडिलांना टेक्सासमध्ये नोकरी मिळाली होती. ऑगस्टमध्ये शाळा. शाळेने ते भाषांतर नाकारलं होतं.

"शिक्का आहे तरी नाही म्हणते," वहिनी म्हणाल्या. "तू पाय बरं, काय चुकलं त्यात."

पहिली चूक एका मिनिटात दिसली. त्या भाषांतरानुसार पोराला एमएमआरचा एकही डोस मिळालेला नव्हता, आणि घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताची लस मात्र उदंड मिळाली होती. मूळ पुस्तकात लसींच्या दोन नावांमध्ये 'सुलासी' हा शब्द येतो. सुलासी म्हणजे तिहेरी. आपल्याकडे 'त्रिगुणी लस' म्हटलं की डीपीटीच आठवते, अंगणवाडीच्या भिंतीवर लहानपणापासून तेच वाचलेलं. भाषांतर करणाऱ्यालाही तेच आठवलं असणार. पण सौदी पुस्तकात तिहेरी दोन आहेत. 'सुलासी बक्तीरी' म्हणजे जिवाणूंची तिहेरी, ती डीपीटीच्या जातीची. 'सुलासी फैरूसी' म्हणजे विषाणूंची तिहेरी: गोवर, गालगुंड, रुबेला. म्हणजे एमएमआर. पुढचा एक शब्द सोडला आणि लसच बदलली.

उलट, नवव्या महिन्याच्या ओळीत फक्त 'अल-हसबा' होतं. हसबा म्हणजे नुसता गोवर. तिथे एमएमआर लिहिणंही तितकंच चूक. पुढे 'अल्मानिया' जोडलं असतं, तर तो जर्मन गोवर, म्हणजे रुबेला झाला असता.

दुसरी चूक बॅच नंबरच्या रकान्यात होती. अठराव्या महिन्याच्या ओळीत नर्सने कुपीवरचं स्टिकर काढून चिकटवलं होतं. त्यावर बॅच नंबर आणि खाली एक तारीख. आधीच्या भाषांतरात ती तारीख 'लस दिल्याचा दिवस' म्हणून उतरली होती, २०२१ मधली. पोरगा तर २०२० पासून मलकापुरात! स्टिकरवरची ती तारीख लसीची मुदत संपण्याची होती. लस दिल्याची तारीख शेजारच्या रकान्यात हाताने लिहिलेली होती, २४ नोव्हेंबर २०१९.

बॅच नंबर आकडे-अक्षरं मिळून असतो आणि तो इंग्रजीच असतो, त्याचं भाषांतर होत नाही. जसाच्या तसा उतरवायचा. बाराव्या महिन्याच्या ओळीत मात्र तो हाताने लिहिलेला होता आणि शेवटच्या अक्षरावर पाण्याचा डाग. आठ की बी, कळेना. मी भिंग घेतलं, मोबाइलवर फोटो मोठा केला. नाहीच. तेव्हा तिथे इंग्रजीत लिहिलं, 'शेवटचं अक्षर वाचता येत नाही'. अंदाजाने आठ ठोकून दिला असता, तर तो नंबर दुसऱ्याच कुठल्या कुपीचा झाला असता.

इथवर मी जरा फुशारले होते. मग तारखांकडे वळले.

या पुस्तकात दोन कॅलेंडरं होती. तारखेच्या शेवटी छोटा 'हे' असेल तर हिजरी, 'मीम' असेल तर आपली नेहमीची इंग्रजी. नोव्हेंबरच्या तारखेला मीम होता. पण बाराव्या महिन्याच्या एमएमआरसमोर हे होता: ८/९/१४४०. तारीख उजवीकडून वाचायची, म्हणजे ८ रमजान १४४०. अम्मीने २०१९ चं उर्दू कॅलेंडर जपून ठेवलंय, भावाच्या लग्नाचा हिशोब त्यावर आहे म्हणून. त्यात पाहिलं: १४ मे २०१९. लिहून टाकलं.

मग लक्षात आलं की तारखेच्या वर बारीक अक्षरात वार आहे, 'अल-इस्नैन'. सोमवार. आणि १४ मे मंगळवारी होता. त्या वर्षी सौदीत रमजान ६ मे रोजी सुरू झाला, भारतात ७ मे रोजी. आमचं कॅलेंडर आमच्या चंद्राचं होतं, पुस्तक तिकडच्या. खरी तारीख १३ मे. जिथला कागद, तिथलंच कॅलेंडर धरायचं, हे मला शिकवलेलं होतं आणि तरी मी भिंतीकडेच बघितलं होतं.

पण १३ मे लिहिल्यावर दुसराच पेच उभा राहिला. पासपोर्टवर मुलाची जन्मतारीख २४ मे २०१८. हिजरीत ८ रमजान १४३९. दवाखान्याने बारा महिने हिजरीने मोजले होते, ८ रमजान ते ८ रमजान, अगदी बरोबर. पण चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं. टेक्सासच्या हिशोबाने पोराचं वर्ष पुरं व्हायला अजून अकरा दिवस होते. तिथल्या शाळेला एमएमआरचे दोन डोस लागतात आणि पहिला डोस पहिल्या वाढदिवशी किंवा नंतरचा हवा. चार दिवस अलीकडे चालतं, अकरा नाही. नवव्या महिन्याचा गोवर तर धरतच नाहीत. म्हणजे मोजला जाणारा डोस एकच उरला, नोव्हेंबरचा.

वहिनींना समजावून सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या.

"अकरा दिवसानं काय फरक पडते, बाई? लस तं दिलीच ना त्याले. तू चोवीस लिहून दे. तिकडं कोणाले अरबी येते?"

खरंच होतं. कोणालाच कळलं नसतं. पण भाषांतराच्या खाली एक वाक्य लिहायचं असतं की मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर पूर्ण व अचूक आहे. त्याखाली नाव, तारीख आणि सही माझी. शिवाय वर्षाच्या आतल्या बाळात आईकडून आलेली प्रतिकारशक्ती उरलेली असू शकते, त्यामुळे लस नीट रुजत नाही. वयाची अट त्यासाठी आहे. अकरा दिवसांनी या पोराचं काही बिघडलं असेल असं मला वाटत नाही. पण ते ठरवायचं डॉक्टरने. माझं काम पुस्तकात काय आहे ते सांगण्याचं.

मी रकान्यात दोन्ही तारखा लिहिल्या: आधी पुस्तकातली हिजरी, शेजारी १३ मे २०१९, आणि तळटीपेत 'सौदी कॅलेंडरनुसार'. वहिनी कागद घेऊन गेल्या, नेहमीसारखा चहा न घेता.

चार दिवसांनी त्या पोराला घेऊन बालरोगतज्ज्ञाकडे गेल्या. त्यांनी दोन्ही कागद पाहिले आणि एमएमआरचा एक डोस देऊन टाकला. नव्या कार्डावर तारीख, लसीचं नाव, बॅच नंबर, सगळं इंग्रजीत आणि वाचता येईल असं. शाळेने दोन्ही कागद ठेवून घेतले.

जाण्याच्या आदल्या दिवशी पोरगा पेढे घेऊन आला. दंडावर बोट ठेवून म्हणाला, "तुझ्यामुळं सुई बसली मले."

मी म्हटलं, "हो रे, माझ्यामुळंच."