फज्रनंतरची वीस मिनिटं

मे महिन्यात आमच्या रत्नागिरीत पंख्याखालीही घाम वाळत नाही. आम्ही दोघी जावा घरातच व्यायाम करतो. गेल्या वर्षी असरनंतर करायचो. दिवसभर तापलेला स्लॅब नेमका तेव्हा उष्णता खाली सोडतो, हे ध्यानातच आलं नाही. एकदा धाकटीच्या अंगावर शहारे आले, डोकं गरगरलं. लगेच थांबलो, ओल्या फडक्याने अंग पुसून तिला पंख्याखाली निजवलं, तेव्हा कुठे बरं वाटलं.

आता फज्रची नमाज झाली की सुरुवात. पहाटे दमटपणा जास्तच असतो, पण छत आणि भिंती निवलेल्या असतात. घाम नुसता गळून उपयोग नाही, तो उडाला तरच अंग थंड होतं. म्हणून टेबलफॅन थेट अंगावर घेतो. पहिला आठवडा 10 मिनिटंच केलं, मग हळूहळू 20. तीन मिनिटं हलक्या उठबशा, दोन मिनिटं बसून मनगटाची नाडी. बसूनही ती मिनिटाला 100च्या खाली आली नाही, तर त्या दिवशी पुढची फेरी नाही, हा आमचा घरचा नियम. धाकटी कुरकुरते, "भाभी, अजून एकच!" पण नाडीपुढे तिचं काही चालत नाही.